प्रेस नोटचं खूळ तुझ्याही गळ्यात पडलं म्हणायचं

खानापूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

तुझा निपाणीहून आलेला निरोप वाचून हसू आलं. मराठी शिकवतोस म्हटल्यावर गॅदरिंगची बातमी तुझ्याकडेच येणार की! आमच्याकडे हे काम गेली सहा-सात वर्षं माझ्याकडं आहे. पाहुण्यांचं भाषण मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, आता त्याची बातमी कशी करायची, असं विचारलंस. कालच आमच्याकडे पारितोषिक वितरण झालं आणि आजचा दिवस त्यातच गेला. तेवढं सगळं सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल.

पाहुणे पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. बोलले 41 मिनिटं. पहिल्यांदा मी सगळं उतरवून काढायला बसायचो. एका मिनिटाच्या भाषणाला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे तीन तास घालवायचे आणि शेवटी त्यातल्या दहा ओळी वापरायच्या. आता तसं करत नाही. एकदा न थांबता ऐकतो आणि कागदावर नुसती वेळ लिहितो: 6.20 धरण, 14.05 टीएमसी, 22.40 विहीर, 33 आवाहन. सुरुवातीची सहा मिनिटं व्यासपीठावरच्या मान्यवरांना नमस्कार करण्यात गेली होती, ती सोडली. दुसऱ्यांदा तेवढ्याच चार जागा ऐकल्या आणि त्या मात्र शब्दन् शब्द उतरवल्या. मधे ते दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलले होते. त्यांचा अर्थ मला लागला होता, तरी कन्नड विभागातल्या सरांना ऐकवून खात्री करून घेतली. घरात, बाजारात कन्नड कानावर असलं तरी छापून येणाऱ्या वाक्याला अंदाज चालत नाही रे.

बातमी एकाच वाक्याची असते. बाकी सगळं त्याच्या मागं लटकवायचं. कालचं वाक्य 22.40 ला सापडलं. कागदावर मी लिहिलं होतं, "धरण भरलं म्हणजे आपल्या विहिरीला पाणी आलं, असं समजायचं." वाक्य झकास, मथळाही जमत होता. पण ते जरा विचित्र वाटलं. आयुष्यभर धरणाचं काम केलेला माणूस असं सरसकट कसं बोलेल? पुढचं वाक्य ऐकलं तर ते म्हणत होते, "आधी बांधाच्या आत पाणी मुरवा." दोन्ही वाक्यांचा मेळ बसेना. मग हेडफोन लावून तीच दहा सेकंद सात-आठ वेळा ऐकली. "समजायचं" नंतर टाळ्यांचा कडकडाट आणि त्याच्या खाली अगदी दबून "कारण नाही" असं ऐकू आलं. म्हणजे मी बरोब्बर उलटं छापायला निघालो होतो! आपल्या भाषेची ही खोड आहे बघ. नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि लोक टाळ्या वाजवतात त्याही तिथंच. त्यामुळे टाळ्यांत संपलेल्या प्रत्येक वाक्याचं शेपूट तपासायचं. ते ऐकूच येत नसेल, तर पुढच्या वाक्याशी जुळतं का ते बघायचं. जुळलं नाही तर फोन करायचा, नाहीतर ते वाक्य सोडायचं.

दुसरी अडचण आकड्याची. 14.05 ला ते म्हणतात, "एक टीएमसी म्हणजे अठ्ठावीस कोटी लिटर." मी तसंच लिहिणार होतो, पण आकडा एकदा मांडून पाहिला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर पाणी, म्हणजे एका टीएमसीत 2,830 कोटी लिटर. अठ्ठावीसशेतला "शे" कुठंतरी गेला होता. रेकॉर्डिंगनं खाल्ला की बोलण्याच्या ओघात पाहुण्यांकडून निसटला, ते मला ठरवता येईना. मी त्यांना फोन केला. ते हसून म्हणाले, "मीच चुकलो असेन, तुम्ही बरोबर करा." आता विचारलंय म्हणून आपण दुरुस्त आकडा त्यांच्या तोंडी घालू शकतो. न विचारता आपल्या मनानं दुरुस्त केला असता तर ते बरोबर झालं नसतं. त्यांनी फोन घेतला नसता, तर मी तो आकडाच गाळला असता.

"आपण" या शब्दालाही जप. पाहुणे "मी नोकरीत असताना" म्हणतात, आणि बातमीत सवयीनं "आपण नोकरीत असताना" असं होतं. वाचणाऱ्याला कळत नाही की पाहुणे स्वतःबद्दल बोलतात की आपल्या सगळ्यांबद्दल. अशा ठिकाणी मी "ते म्हणाले" घालून वाक्य मोकळं करतो. क्रियापदही बघून घालायचं. त्यांचं मत असेल तर "मत व्यक्त केले", माहिती असेल तर "सांगितले", आणि "आवाहन केले" फक्त त्यांनी खरोखर काही करायला सांगितलं असेल तरच. सगळीकडे "प्रतिपादन केले" टाकणाऱ्या नोटा पाहून मला वीट आलाय.

शेवटी पाठवली ती नोट अशी (नावं इथं गाळली आहेत):

धरणावर विसंबू नका, शिवारात पाणी मुरवा

खानापूर : धरण भरले म्हणजे विहिरीला पाणी आले, असे समजण्याचे कारण नाही. शिवारात पडणारा पाऊस आधी शिवारातच मुरवला पाहिजे, असे मत पाटबंधारे खात्याचे निवृत्त अभियंता (पूर्ण नाव) यांनी व्यक्त केले. येथील (महाविद्यालय) पारितोषिक वितरण समारंभात शनिवारी ते बोलत होते. अध्यक्षस्थानी प्राचार्य (नाव) होते.

एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर पाणी. हिडकल धरणात असे 51 टीएमसी पाणी मावते. पण शेतीसाठी ते मुख्यतः कालव्याखालच्या शेतांना मिळते, असे त्यांनी सांगितले. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजून नोंद ठेवावी, असे आवाहन त्यांनी केले.

गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देण्यात आली. स्वागत (नाव) यांनी केले, (नाव) यांनी आभार मानले.

बघ, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सूत्रसंचालन, आभार सगळं शेवटी. जागा कमी पडली की डेस्कवरचा माणूस खालून कापतो. तुझे सहकारी रुसतील, आमचेही रुसतात. पण ही नावं वर घेतलीस तर कापताना विहिरीचं वाक्य जाईल आणि सूत्रसंचालन राहील.

नोट युनिकोड मजकूर म्हणून मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठव. टाईप केलेल्या कागदाचा फोटो पाठवलास तर तिथं कुणाला तरी पुन्हा टाईप करावं लागतं, आणि मग नावं बदलतात. समूह फोटो असेल तर ओळीत "डावीकडून" लिहून नावं दे. गावाचं नाव पाहुण्यांनी "बेळगाव" म्हटलं तर मराठी पेपरला तसंच राहू दे; कन्नड पेपरच्या नोटेत मात्र "बेळगावी" घालावं लागेल, 2014 पासून अधिकृत नाव तेच आहे.

पुढच्या खेपेला मोबाईल मागच्या रांगेत कुणा पोराच्या हातात देऊ नकोस. पंख्याच्या घरघरीखाली निम्मं भाषण जातं. पोडियमवर माइकच्या बाजूला ठेव, आणि एअरप्लेन मोड लाव. गेल्या वर्षी आमच्या पाहुण्यांचं भाषण मधेच तुटलं, कारण रेकॉर्ड करणाऱ्याला घरून भाजीबद्दल फोन आला होता.

तुझ्या नोटेचा कच्चा मसुदा पाठव, मंगळवारपर्यंत बघून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
खानापूरकर