रुपया जगाने ठेवायचा, पण ठेवून करायचे काय? वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

११ जुलै २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. परदेशी व्यापाराचे बिल रुपयात करता येईल, पैसेही रुपयात घेता येतील, असा त्याचा सारांश. त्यानंतर 'रुपया जागतिक होणार' हे आम्ही इतक्या व्यासपीठांवरून ऐकले, की डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला तेव्हा आधी वाटले हाही त्याच योजनेचा भाग असावा.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून बाहेरदेशी जाणाऱ्या कास्टिंगचे बिल आजही डॉलरमध्येच निघते. शाखेत रुपयाच्या बिलाचे विचारले तर "हेड ऑफिसला विचारावे लागेल" एवढेच उत्तर. वीस हजार डॉलरच्या बिलावर बँकेने डॉलरमागे चाळीस पैसे मारले की आठ हजार रुपये गेले. पलीकडचे गिऱ्हाईक आफ्रिकेतले असेल तर त्याची बँक त्यालाही अशीच कापते. माल आमचा, गिऱ्हाईक त्यांचे, दलाली मात्र तिसऱ्याच्या चलनाची.

तरी शाखेतल्या माणसाला आम्ही बोल लावत नाही. त्याच्या हातात परिपत्रक दिले, पण रुपयाला परदेशात कोणी विचारत का नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून तुम्हालाच लिहितो.

परकी चलन माणूस घेतो ते पुढे त्याचे काय करता येईल हे पाहून. रशियाचे उदाहरण घ्या. योजना अशी: रशियन बँक आपल्या बँकेत खास रुपया वोस्ट्रो खाते उघडणार. आपला आयातदार तेलाचे रुपये त्यात भरणार, आणि रशियाला माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला त्याच खात्यातून पैसे मिळणार. दोन्हीकडचा व्यापार सारखा असेल तर खाते भरते आणि रिकामे होते. पण २०२२-२३ मध्ये आपण रशियाकडून साधारण ४६ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला जेमतेम ३ अब्जांचा. सगळे व्यवहार रुपयात झाले असते तर ४३ अब्ज डॉलरचे रुपये एका वर्षात त्या खात्यांत साचले असते. बरेचसे तेल दुसऱ्या चलनांत घेतले म्हणून निभावले. तरीही मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह पत्रकारांना सांगून गेले, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. आपल्याच अंगणात येऊन पाहुणा म्हणाला, तुमच्या नोटा घ्या, आम्हाला काही चालेल असे द्या.

हेच पैसे डॉलरमध्ये असते तर? तेल विकणारा देश मिळालेले डॉलर अमेरिकन सरकारच्या रोख्यांत घालतो. तो बाजार एवढा मोठा, की अब्जाची खरेदी झाली तरी भाव फारसा हलत नाही, आणि उद्या विकायचे म्हटले तर उद्याच विकले जाते. त्या डॉलरने तो जपानकडून यंत्रे घेईल, ब्राझीलकडून सोयाबीन घेईल, कोणी नाही म्हणणार नाही. म्हणून जगातल्या देशांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा घसरत घसरतही निम्म्याच्या वर आहे. युरो विसाच्या आसपास टक्के, चीनचे युआन दोनेक टक्के. आपला रुपया नाणेनिधीच्या तक्त्यात 'इतर' या रकान्यात असतो. दशांश चिन्हानंतरचे आकडे तुमच्या अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, क्रम बदलणार नाही.

या मानाचा फायदा अमेरिकेला रोज मिळतो. ती आपल्याच चलनात कर्ज काढते आणि आपल्याच चलनात फेडते. २००८ चे संकट तिच्याच घरांच्या कर्जांतून उभे राहिले, तरी जग पळत सुटले ते डॉलर घ्यायलाच. पण त्याची किंमतही आहे. जगाकडे डॉलर पोचायचे तर अमेरिकेला सतत बाहेरचा माल जास्त घ्यावा आणि आपला कमी विकावा लागतो. सगळ्यांना डॉलर हवा म्हणून तो महाग राहतो आणि तिथल्या कारखानदाराचा माल बाहेर महाग पडतो. आज ओहायोतला कारखानदार ज्यावर चिडतो, ते उद्या इचलकरंजीच्या वाट्याला येईल. हे कुठल्या भाषणात ऐकले नाही.

आणि आपल्याला हे नवीन नाही! १९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, दुबईच्या बाजारात रुपयाच चालायचा. मग काय झाले ते पाहा. जगात सोने औंसाला ३५ डॉलर. डॉलर ४.७६ रुपयांना, म्हणजे तोळा साडेबासष्ट रुपयांच्या आसपास. मुंबईत सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे भाव शंभराच्या वर. दुबईत घेतलेले सोने गलबतातून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरायचे आणि विक्रीच्या नोटा त्याच वाटेने परत जायच्या. आखातातल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे देऊन बदल्यात पौंड घ्यायच्या. पौंडातून पुन्हा सोने. चोरटे सोने आपलेच लोक घेत होते आणि त्याचे परकीय चलन आपलीच रिझर्व्ह बँक पुरवत होती. शेवटी १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, 'Z' ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या, त्या भारतात चालत नसत. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ ला आपण डॉलर ४.७६ वरून ७.५० केला आणि रुपये बाळगणाऱ्या शेखांची पुंजी एका दिवसात आक्रसली. त्याच वर्षी कतार आणि दुबईने रुपया सोडला. दुसऱ्याने आपले चलन तिजोरीत ठेवले की आपला प्रत्येक निर्णय त्याच्याही तिजोरीला लागतो. हा बोजा उचलायची तयारी आहे का, एवढे तरी सांगा.

आज रुपया देशाबाहेर मोकळा फिरू शकत नाही. म्हणून सिंगापूर-लंडनमध्ये रुपयाच्या भावावर रोज सौदे होतात आणि हिशेब चुकता होतो डॉलरमध्ये! तो भाव सकाळी आपल्या बाजारावर येऊन बसतो आणि रिझर्व्ह बँक गंगाजळीतले डॉलर विकून त्याच्याशी झुंजते. रुपया खरेच मोकळा सोडला तर ही झुंज दहापट होईल. सोडायचा नसेल तर जागतिक चलनाच्या घोषणा कशाला?

२०२५ मध्ये वोस्ट्रो खात्यातली सगळी शिल्लक सरकारी रोख्यांत घालायची मुभा दिली, हे बरे झाले. पडलेल्या पैशाला व्याज तरी मिळेल. पण त्याला तीन वर्षे लागली. या देशात परिपत्रक आधी निघते, विचार नंतर होतो, आणि मधल्या काळाचा खर्च छोट्या माणसाच्या नावे पडतो. जीएसटीत तेच, निर्यात परताव्यात तेच, इथेही तेच.

मागणे फार नाही. कोणत्या देशाच्या वोस्ट्रो खात्यांत किती रुपये पडून आहेत, ते दर तिमाहीला जाहीर करा. रुपयातल्या वसुलीवर निर्यातीचे लाभ मिळतात, हा नोव्हेंबर २०२२ चा नियम शाखांना लेखी कळवा. आम्हाला तो मोबाईलवर उघडून दाखवावा लागतो. आणि ज्या देशांकडून आपण विकतो त्यापेक्षा जास्त घेतो, त्यांना साचलेल्या रुपयांतून आपला कोणता माल घेता येईल याची यादी तुमच्या खात्याने करावी. 'हे अर्थ मंत्रालयाचे काम आहे' असे उत्तर येईल, ठाऊक आहे. अर्थ मंत्रालय रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवेल आणि रिझर्व्ह बँक २०२२ च्या परिपत्रकाकडे. ते आमच्याकडे आहे, पुन्हा पाठवू नका.

आपला,
कोल्हापूरचा एक लघु निर्यातदार