खोली ताब्यात घेताना

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

कामावर काय करायचं ते तुला तिथले लोक शिकवतीलच. खोली ताब्यात कशी घ्यायची हे मात्र कुणी सांगत नाही, आणि पहिला पगार हाती येण्याआधीच डिपॉझिटची मोठी रक्कम देऊन बसावं लागतं. ती परत मिळते की नाही हे बरंचसं पहिल्या दिवशीच ठरतं.

बॅगा उघडण्याआधी, खोली रिकामी असतानाच एक सलग व्हिडिओ काढ. दारापासून सुरू कर आणि भिंतीच्या कडेकडेने फीर. खिडक्यांच्या कड्या, फरशीच्या चिरा, बेसिनखालचा पाइप, गादीच्या दोन्ही बाजू, सगळं दिसू दे. विजेच्या मीटरचा आकडा स्पष्ट वाचता येईल असा फोटो घे. मग त्याच दिवशी हे सगळं मालकांना मेसेजने पाठव. व्हिडिओ नुसता फोनमध्ये राहिला, तर तो नंतर काढला असं कुणीही म्हणेल. पाठवलेल्या मेसेजवर तारीख असते.

मीटरपाशी आहेसच तर खोलीतली सगळी उपकरणं बंद कर, प्लग काढ आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघ. तो लुकलुकत राहिला, तर दुसऱ्या कुणाची वीज तुझ्या मीटरवरून जात असेल किंवा वायरिंगमध्ये दोष असेल. तसं असेल तर पैसे देण्याआधीच मालकांशी बोल. स्वतः वायरला हात लावू नकोस, बाळा.

भिंतीवर ओल दिसली तर तिच्यावर नुसता रंग मारून देतो म्हणतील. तेवढ्यावर हो म्हणू नकोस. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लाव आणि दोन दिवस राहू दे. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरलं, तर ती खोलीतली वाफ आहे. खिडकी उघडी ठेवलीस की कमी होईल. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. तिथे पाइप किंवा बाहेरची भिंत दुरुस्त झाल्याशिवाय रंग टिकणार नाही, आणि पोपडे निघाले की दोष तुझ्या माथी येईल.

करारात नोटिशीचं कलम सावकाश वाच. 'एक महिना आधी' आणि 'पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून एक महिना' यांत फार फरक आहे. 3 तारखेला कळवलंस, तर पहिल्यात पुढच्या 3 तारखेला सुटशील; दुसऱ्यात जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं भरशील. कोणता अर्थ धरायचा ते मालकांकडून लिहून घे. तोंडी बोलणं डिपॉझिट परत मागताना कुणाला आठवत नाही.

प्लास्टिक आणि चिकटपट्टी तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहे. पोहोचलास की आधी आईला फोन कर, तिचा जीव तिकडेच लागलेला असेल. मीटरचा फोटो मलाही पाठव. आणि रात्री दाराची आतली कडी लावल्याशिवाय झोपू नकोस.

तुझा,
बाबा