एक भुवई राहिली असताना कोण उठतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली पार्लरची कथा वाचली. लेखकाची भाषा छान आहे. पण शेवटी पार्लरमधल्या मुलीच्या आग्रहाला वैतागून ग्राहक बाई ताडकन उठून पैसे टेबलावर आपटून निघून जाते, ते वाचून हसूच आलं. एक भुवई झालेली, दुसरी राहिलेली, अशी बाई ताडकन उठून जाणार कुठं? लेखकमहाशय पार्लरच्या पायरीपर्यंत तरी गेलेत का, अशी शंका येते.

मागच्या मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी मी परभणीला गेले होते. आदल्या दिवशी फक्त आयब्रो करायला म्हणून शंभराची नोट घेऊन निघाले. भुवया करताना कातडी आपल्यालाच दोन्ही हातांनी ताणून धरावी लागते आणि वरच्या ओठाला दोरा लावला की तोंडही उघडता येत नाही. नेमकं तेव्हाच तिथली पार्लरची मुलगी म्हणाली, “ताई, लई टॅन झालंय की! तुमी चेहऱ्याला काहीच करत नै का? ब्लीच टाकू?” मी “ऊं” केलं. तिनं त्याला होकार धरला.

ब्लीचनं टॅन जात नाही. चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून रंग उजळल्यासारखा वाटतो, इतकंच. पंधरा दिवसांत काळी लव परत डोकावते. शिवाय दोऱ्यानं नुकत्याच सोललेल्या कातडीवर ते लावायचंच नसतं. आधी हातावर थोडं लावून एक दिवस बघा, असं डब्यावर छापलेलं असतं, पण तो डबा आपल्या डोक्यामागच्या ट्रॉलीत! ओठावर आग आग झाली तर म्हणे, “काम करायलंय ते, दहा मिनटं थांबा.” मी थांबले, हाच माझा मूर्खपणा. लगेच धुवायला लावायला हवं होतं.

मग आग शांत व्हावी म्हणून फेशियल. सकाळच्या नवरीसाठी फोडलेलं किट अर्धं उरलं होतं, ते माझ्या चेहऱ्यावर संपलं. ते तिनंच बोलता बोलता सांगितलं, बिचारी! आयब्रो ५०, अप्पर लिप ३०, ब्लीच ३५०, फेशियल ८००, एकूण १,२३०. लग्नाच्या फोटोत माझ्या ओठावर लाल मिशी आहे. अल्बम आला की जाऊबाई तेच पान आधी उघडतात.

तरी कथेत पार्लरच्या मुलीला जी खलनायिका केलीय ते पटलं नाही. परभणीची ती मुलगी पगारी होती. दोरा चालवताना दर दोन मिनिटांनी काउंटरवरच्या मॅडमकडं बघत होती. तशा मॅडम कथेत कुठंच नाहीत.

आणि हो, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर या पुरवणीतही नाही. आडवा सात अजून अडलाय. तेवढं छापा.

आपली,
एक वाचक, लातूर