दुकान विकण्याआधी

प्रिय सुधीर,

फरसाणाचं दुकान विकायचं ठरवलंस आणि चाळीस लाख मनात धरलेस, असं वहिनींनी सांगितलं. विकत घेणारा हिशोब कसा मांडेल ते आधी बघ, मग आकडा बोल.

तू म्हणतोस वर्षाला बारा लाख सुटतात. त्याचा पहिला प्रश्न असेल, तू गेल्यावर किती सुटतील? गाळा तुझा आहे म्हणून भाडं लागत नाही. त्याला महिना वीस हजार धरावे लागतील, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस. वहिनी मसाला करतात त्याचा पगार तू लावतच नाहीस. तिथे बाई ठेवली तर एक लाख ऐंशी. तू स्वतः पहाटेपासून उभा असतोस, त्या जागी मॅनेजर महिना तीस हजारांना, म्हणजे तीन लाख साठ. उलट तुझ्या गाडीचा विमा आणि घरचे मोबाइल दुकानाच्या खर्चात आहेत, ते साठेक हजार तो नफ्यात परत मिळवेल. उरतात चार लाख ऐंशी हजार. मालकाच्या अंगावर चालणाऱ्या अशा धंद्याला माझ्या पाहण्यात दोन ते तीन वर्षांच्या नफ्याइतका भाव येतो. म्हणजे साडेनऊ ते साडेचौदा लाख. कढया, मशिनं, नाव, सगळं त्यातच. माल मात्र वेगळा, ताबा देण्याच्या रात्री मोजून.

राग येईल, पण वहीबाहेरची विक्री त्याला सांगू नकोस. तिचे पैसे कोणी देत नाही, आणि ऐकल्यावर बाकीच्या वह्यांवरचा विश्वासही जातो. तो जीएसटी रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट आणि तेला-बेसनाची बिलं शेजारी शेजारी ठेवेल. इतक्या डब्यांत किती घाणे निघतात ते जाणणाऱ्याला विक्रीचा अंदाज लगेच येतो.

दोनपट की तीनपट, हे तुझ्या तयारीवर ठरेल. वहिनींच्या हातातलं माप आधी ग्रॅममध्ये लिहून काढ आणि दोन महिने कारागिरालाच सगळं करू दे. चव तीच राहिली आणि गिऱ्हाईक कुरकुरलं नाही, तर हाच खरा पुरावा. वसतिगृहाची ऑर्डर एकतृतीयांश विक्री आहे ना? ती तोंडी आहे, तेव्हा लेखी करून घे. नाहीतर घेणारा ती शून्य धरेल.

गाळा विकू नकोस, त्याला भाड्याने दे, पण अकरा महिन्यांचा करार दाखवलास तर तो पळेल. पाच वर्षांचा नोंदणीकृत करार तयार ठेव. फूड लायसन्स आणि जीएसटी नोंदणी तुझ्या नावावर आहेत, ती त्याला आपल्या नावाने काढावी लागतील. त्याला वेळ लागतो, म्हणून ताब्याची तारीख आधी पक्की करू नकोस. जुनी उधारी तूच वसूल कर.

थोडी रक्कम सहा महिन्यांनी देतो म्हणाला तर लगेच बिथरू नकोस. मात्र कशावर अडवणार, ते करारात स्पष्ट लिहून घे. तीन वर्षांची रिटर्न्स आणि या वर्षीची तेलाची बिलं मला पाठव, मी जुळवून बघतो.

तुझा,
अनिल