शेत अशुद्ध नाही

मा. संपादक,

आपल्या अंकात एका वाचकाने ‘शेत’, ‘माशी’ हे ‘क्षेत्र’, ‘मक्षिका’ यांचे बिघडलेले उच्चार ठरवले आहेत. वर नागपूरकरांची मराठी हिंदीने नासवली, असा शेराही आहे. दोन्ही गोष्टी एका ‘क्ष’वर तपासता येतात.

संस्कृतमधल्या ‘क्ष’ला प्राकृतात मुख्यतः दोन वाटा फुटल्या: एक ‘क्ख’ची, दुसरी ‘च्छ’ची. हिंदीत बहुतेक शब्द पहिल्या वाटेने आले, म्हणून खेत, मक्खी, ईख. मराठीत दुसरी वाट बरीच चालली आणि पुढे मराठीने ‘छ’सुद्धा मोडला. इ-ए यांच्या आधी त्याचा ‘श’ झाला, एरवी ‘स’. मक्षिकाचे आधी मच्छिआ झाले. मग जोडाक्षर सुटले, त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला आणि माशी झाली. इक्षु, उच्छु, ऊस. क्षुरिका, छुरिआ, सुरी. सीताबर्डीत उसाच्या रसाच्या गाडीवर ‘माशी बसली’ आणि ‘मक्खी बैठी’ ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात. त्यातली कुठलीही दुसरीची बिघडलेली नक्कल नाही.

तोंडातले शब्द असे झिजत असताना पोथीतला ‘क्षेत्र’ मात्र होता तसाच राहिला आणि पंडितांनी तो पुन्हा मराठीत आणला. म्हणून आज दोन्ही नांदतात: माणूस शेतात राबतो आणि त्याच्या सातबाऱ्यावर रकाना असतो ‘क्षेत्र’ या नावाचा. (आम्ही वैदर्भीय शेताला वावर म्हणतो, ते सोडा.) शेत हा तद्भव, क्षेत्र हा तत्सम.

हा नियम सगळीकडे लागत नाही, हेही सांगायला हवे. राख, काख, लाख यांत मराठीनेही ‘ख’च घेतला आणि हिंदीच्या छुरीत ‘छ’ आहे. प्राकृत बोलींची आपसांत देवघेव होती, त्यामुळे वाटा एकमेकींत मिसळल्या.

आता हिंदीने नासवल्याचा आरोप. ‘छ’ हा इथे चांगला साक्षीदार आहे. मत्स्यचे मच्छ आणि त्याचे मराठीत मासा झाले. म्हणून ‘मच्छी’ ऐकली की ती बाहेरून आली हे ओळखावे, तिथे पत्रलेखकाचे म्हणणे मान्य. पण माशी, ऊस, सुरी यांत हिंदीचा हात नाही.

राहिले देशी शब्द, म्हणजे ज्यांचे मूळ संस्कृतात सापडत नाही ते. ‘उदर’ कितीही झिजवले तरी त्यातून ‘पोट’ निघत नाही. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ या आपल्या देशी शब्दांच्या कोशात ‘पोट्ट’ नोंदवला, तो संस्कृतातून साधता येत नाही म्हणूनच. त्या यादीतले काही शब्द पुढे संस्कृतातून आलेले ठरले, पण पोटाला अशुद्ध म्हणायचे तर ते कोणत्या शुद्ध शब्दाचे, हे पत्रलेखकाने पुढच्या पत्रात सांगावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर