निखिल, एकटा असशील तेव्हा वाच

प्रिय निखिल,

काल फोनवर "मृणाल बाळाला घेऊन नाशिकला गेलीय, तेवढाच आराम तिला" असं म्हणालास आणि लगेच टँकर वेळेवर येतो का ते विचारायला लागलास, तेव्हाच काय ते समजलो. आई शेजारीच बसली होती म्हणून बोललो नाही. उपदेश करायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय, बघू किती जमतं ते.

त्या दिवशी मी हॉलमध्येच होतो. छकुली रडायला लागली आणि आई म्हणाली, "दूधच पुरत नाही पोरीला, वरचं चालू करा, एवढ्या उन्हाळ्यात चमचाभर पाणी तरी द्या." मृणालने तुझ्याकडे बघितलं. तू मोबाइलमध्ये. नंतर आत जाऊन तिला "आईचा स्वभावच तसा आहे गं" म्हणालास, आणि स्वयंपाकघरात आईला "मृणालला नाही आवडत असं बोललेलं." अरे, मग तुझं म्हणणं काय ते दोघींपैकी एकीला तरी कळलं का? आईला वाटलं सुनेने कान भरले. मृणालला वाटलं आपल्या बाजूने कुणीच नाही. तू गप्प बसलास ना, त्याचा दोघींनी आपापला अर्थ लावला.

खरं तर ही मतांची भानगडच नव्हती. डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, उन्हाळा असला तरी पाणीसुद्धा नाही, दुधातच पाणी असतं. गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. दिवसभरात सहा तरी लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय, बाळ रडतंय यावरून ते ठरत नाही. हे तू बोलायचं होतंस, तिथल्या तिथे, आवाज न चढवता, "आई, पाणी नाही द्यायचं, आमचं दोघांचं ठरलंय." आमचं दोघांचं. "ती म्हणते" नाही. "ती म्हणते" म्हटलं की तू बाजूला होतोस आणि त्या दोघी समोरासमोर येतात.

झालं बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

एक गोष्ट तुला माहीत नाही, आईने कधी कुणाला सांगितलेली नाही. तू झालास तेव्हा अक्का हिला रोज हेच ऐकवायची, दूध पुरत नाही, पोर वाळलंय. ही बाथरूममध्ये जाऊन रडायची. शेवटी गाईचं दूध पाणी घालून बाटलीने सुरू झालं आणि तुझं पोट जे बिघडलं ते किती दिवस थांबेना, भर पावसात तुला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं होतं, ही मागे तुला पदरात गुंडाळून बसलेली. म्हणून आता बाळ रडलं की ती आधी घाबरते आणि घाबरली की टोचून बोलते. मृणालने ते सोसावं असं नाही म्हणत मी. पण तू आईशी बोलशील तेव्हा हे डोक्यात असू दे.

भाकरीवरून पण अक्काचं चालायचं. हिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, अक्का पाहुण्यांसमोर उचलून दाखवायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, मला जाडच आवडते, मीच सांगितलंय तिला." अक्का चार दिवस अबोला धरून बसली. पाचव्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आली. आई रुसते रे, तुटत नाही. तुला त्या रुसण्याचीच भीती वाटते, लहानपणापासून, आणि म्हणून गप्प बसतोस. परत तेच आलं बघ.

मृणालला फोन कर, पण "सोडून दे" म्हणू नकोस. त्या वेळी मी बोलायला हवं होतं आणि पुढच्या वेळी बोलेन, एवढंच सांग आणि मग ती काय बोलते ते ऐक, मधे मधे आईची बाजू मांडू नकोस. आईशी बोलायचं ते वेगळं, तू एकट्याने, मृणालचं नाव न घेता. आणि हो, तुमचं दोघांचं भांडण झालं तर ते आईला सांगत जाऊ नकोस. तुमचं रात्री मिटतं, हिच्या मनात दिवाळीपर्यंत राहतं.

अजून एक सुचतंय. मृणालची हरकत नसेल तर छकुलीच्या 14 आठवड्यांच्या इंजेक्शनला आईला बरोबर ने. वजनकाट्यावरचा आकडा तिला बघू दे, काय विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारू दे. मालिश तर तीच छान करते, मृणालच म्हणाली होती मला. हे मात्र आईपर्यंत जरूर पोचव.

तू मुलगा म्हणून चांगलाच आहेस, रात्री उठून लंगोट बदलतोस हे मी सगळ्यांना सांगत फिरतो. आमच्या वेळी कोण करत होतं.

आईने आळिवाचे लाडू केलेत, मृणालसाठी. डबा सकाळपासून ओट्यावर आहे, कुणाबरोबर पाठवायचा ते विचारत नाही आणि उचलूनही ठेवत नाही. नाशिकचा पत्ता टाक, मी कुरिअर करतो. आणि इंजेक्शनची तारीख कळव, साताऱ्याहून सकाळची एसटी पकडावी लागेल.

बाबा