चेपणीच्या बरणीवरचं पांढरं

म्हापसा, 14 जुलै

प्रिय नंदा,

खाराच्या पाण्यात मुरत घातलेल्या तुझ्या चेपणीच्या कैऱ्यांवर पांढरं आलंय, त्याचे फोटो मिळाले. "टाकू की ठेवू?" एवढंच विचारलंस, पण याचं उत्तर फोनवर दोन शब्दांत द्यायला मला आता धीर होत नाही. दोन वर्षांपूर्वी जावेने असाच फोटो पाठवला होता. मी बघितलं न बघितलं केलं आणि "साय आहे, काढून टाक" असं सांगून मोकळी झाले. ती बुरशी होती. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बुरशीचे सगळे केस सपाट झाले होते आणि मला नुसता पांढरा डाग दिसला. सुदैवाने तिने खायच्या आधी वास घेतला.

तुझा पहिला फोटोही तसाच, रात्री फ्लॅशवर काढलेला. त्यावरून काहीच सांगता येत नाही. म्हणून काल तुला सकाळी खिडकीपाशी बरणी ठेवायला लावली. समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. बाजूने पडला की जे उंच आहे त्याची सावली पडते, आणि आपल्याला नेमकं तेच पाहायचं असतं. झाकण काढून, मोबाइल बरणीच्या तोंडाशी जवळजवळ आडवा धरून काढलास ना, त्या दुसऱ्या फोटोने काम केलं.

त्यात बघ, खाराच्या पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एकच पातळ पापुद्रा आहे. मळकट पांढरा, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, खाली एक-दोन बुडबुडे अडकलेले. त्याची कुठेच सावली नाही. हे काह्म यीस्ट. ते हवेवर जगतं, म्हणून पाण्याच्या वरच राहतं. ते विषारी नाही. पण आंबे मुरताना जो आंबटपणा तयार होतो तो ते हळूहळू खातं, आणि आंबटपणा उतरला की बुरशीला वाट मोकळी होते. म्हणून दिसलं की लगेच चमच्याने काढायचं, तसंच ठेवायचं नाही.

आता तोच फोटो मोठा करून डाव्या कोपऱ्यात बघ. एक तोर, कोवळी कैरी, वजनाला ठेवलेल्या दगडाखालून सरकून पाण्याच्या वर आलीय. तिच्या देठाशी धण्याएवढा ठिपका आहे. तो गोल आहे, कडा उचललेली आहे आणि उजेडाच्या उलट बाजूला त्याची बारीक सावली पडलीय. मधे किंचित हिरवट झाक आहे. ती बुरशी. सुरुवातीला तीही पांढरीच असते, हिरवा-काळा रंग मागाहून येतो. म्हणून रंगाची वाट बघू नये, केस आणि उंची बघावी. पापुद्रा एकसंध पसरतो, बुरशी बेटाबेटांनी वाढते.

तिसऱ्या फोटोत तू चमचा बुडवलास हे फार बरं केलंस. पापुद्रा फाटून त्याचे तुकडे पाण्यात गेले, पण ठिपका लोंबता गोळा होऊन चमच्याला चिकटला.

मग काय करायचं? काही जण तेवढी तोर काढून बाकीची ठेवतात. मी ठेवणार नाही. भाऊजींच्या ब्लडप्रेशरमुळे तू यंदा मीठ निम्म्यावर आणलंस, म्हणजे खार आधीच कमजोर. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल जातात आणि तिची काही विषं उकळूनही जात नाहीत. ही बरणी टाक, नंदा. एप्रिलभर तोरी निवडत बसलीस हे मला ठाऊक आहे, तरी टाक. पुढच्या वेळी मीठ पूर्वीएवढंच घाल, प्रत्येक तोर दगडाखाली बुडलेली ठेव आणि भाऊजींना पेजेबरोबर फोडच लहान दे.

आंबोळीच्या पिठाचं मात्र वेगळं आहे. वरचा करडा थर बहुतेक वेळा हवा लागल्याने आलेला असतो. ढवळलं की आतलं पीठ पांढरं निघतं आणि वास नेहमीचा आंबूस असतो. पण पिठावर केसाळ ठिपका किंवा गुलाबी-नारिंगी डाग दिसला, तर वरचं काढून चालत नाही, सगळंच टाकायचं. गुलाबी डाग पिवळ्या बल्बखाली फोटोत नीट ओळखू येत नाही, म्हणून पिठाचा फोटोही दिवसाच काढ.

आणि वास फोटोतून येत नाही. काह्म यीस्टला ताज्या पावासारखा, थोडा सुरेसारखा वास येतो, बुरशीला ओल्या भिंतीसारखा. फोटोबरोबर तो मला शब्दांत लिहून पाठवत जा. फोटो आणि वास दोन्ही घेऊनही मन साशंक राहिलं, तर बुरशी समजूनच चाल.

दुसऱ्या बरणीचे फोटो उद्या पाठव, आठ-नऊच्या उजेडात. दादरा सोडून, आणि हलवायच्या आधी एक, नंतर एक.

तुझी,
उषा